नवऱ्याला वटपौर्णिमेच्या शुभेच्छा कशा द्याव्यात : एका अनुभवी बाईचा सल्ला

भगिनींनो, पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला असा की शुभेच्छा स्वतः लिहायला जाऊ नये. मी गेले होते. १० जून २०२५, मंगळवार, सकाळी सहा वाजून पाच मिनिटं. एका शेगडीवर ह्यांच्या डब्याची भेंडी, दुसरीवर माझ्या उपासाचा चहा, आणि मधल्या वेळात मोबाईलवर चार ओळी.

"तुला आणि मला, दोघांनाही भरपूर आयुष्य मिळो. वडाच्या पारंब्या जमिनीला टेकल्या की पुढे मूळ खोड कुठलं ते कळत नाही, तसं आपलं होवो. संध्याकाळी वडाकडे सोबत जाऊ. सुताचा गुंडा तू धर, फेऱ्या दोघं मारू."

मला वाटलं, बरं जमलंय. वड आहे, सूत आहे, फेऱ्या आहेत, उपासही आहे. आता यात कुणाला काय खुपणार? म्हणून मी ते घरच्या ग्रुपवर टाकलं. लोकल पकडेपर्यंत चुलत दिरांनी हसून डोळ्यांतून पाणी काढणारे तीन चेहरे पाठवले होते. नंतर "वहिनी, सात जन्म म्हणजे जन्मठेप की काय" हा विनोद आला, जो मी लग्न झाल्यापासून दरवर्षी वाचते आहे. मग काकूंचा आवाजी निरोप आला, दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा. सार एवढंच की व्रत नवऱ्याच्या आयुष्यासाठी असतं, स्वतःसाठी मागणं हा स्वार्थ झाला, आणि पुरुषाच्या हातात सूत देणं आपल्यात नाही. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याचा वेगळा खासगी मेसेज आला : "काढून टाक ना. उगाच कशाला."

मी काढून टाकलं. त्याजागी सोनेरी अक्षरांचं, मंगळसूत्राचं, "जन्मोजन्मी हाच पती लाभो" असं तयार चित्र टाकलं. खाली एका सराफाचा फोन नंबर होता, तो कापायचाही राहून गेला. एकतीस जणांनी हात जोडले. काकूंनी फूल पाठवलं.

तेव्हा अनुभवाचे बोल ऐका आणि पुढल्या वर्षी असं करा.

चित्र निवडताना त्यातली बाई नऊवारीत हवी आणि तिने वडाकडे बघायला हवं. नवरा चित्रात नसावा. तो ऑफिसात आहे.

"समान भागीदार" हा शब्द वापरायला हरकत नाही, फक्त तो इंग्रजीतून वापरा. मराठीत लिहिला की लोक अर्थ विचारतात.

फांदी बाजारातूनच आणा. वीस रुपयांत मिळते, संध्याकाळी कचऱ्यात जाते, आणि ज्या झाडाची पूजा करायची तेच ओरबाडल्याबद्दल आजवर कुणाला काकूंचा आवाजी निरोप आलेला नाही.

नवऱ्याने फेऱ्या मारायच्याच म्हटल्या, तर त्याला कुडाळला पाठवा. तिथे काही पुरुष वर्षानुवर्षं वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या घालतात आणि दरवर्षी पेपरात त्यांचा फोटो येतो. आपल्या आजीने साठ वर्षं फेऱ्या मारल्या, तिचा आला होता का?

आता मुख्य सल्ला. शुभेच्छेत "परंपरा" हा शब्द घालायचा असेल तर मूळ गोष्ट चुकूनही वाचू नका. मी वाचली. त्या मंगळवारी रात्री, उपाशी पोटी, काकूंचा निरोप तिसऱ्यांदा ऐकल्यावर. महाभारताच्या वनपर्वात आहे, मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला सांगतात. काकूंनी ती वाचली असती तर मला निरोप पाठवायच्या आधी दोनदा विचार केला असता.

एक तर सावित्रीला स्थळ कुणी आणलं नव्हतं. बाप म्हणाला, तूच शोध, म्हणून ती रथात बसून निघाली आणि राज्य गेलेल्या आंधळ्या राजाचा, रानात राहणारा मुलगा पसंत करून आली. नारद म्हणाले, आजपासून वर्षाने मरेल. बाप म्हणाला, दुसरा बघ. ती म्हणाली, एकदा निवडला तो निवडला. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. मात्र पुढचं वर्षभर सासरी ती तारीख फक्त तिला ठाऊक होती. नवऱ्याला नाही, सासऱ्यांना नाही, सासूला नाही. ती सगळ्यांची कामं करत होती आणि मनातल्या मनात दिवस मोजत होती. ओळखीचं वाटतंय ना? गॅसचा नंबर कधी लावायचा, सासूबाईंची बीपीची गोळी कधी संपते, मुलाच्या शाळेत पालकसभा कधी, आणि नवरा कधी मरणार. सगळं एकाच डोक्यात.

शेवटचे तीन दिवस ती उपाशी, उभी राहिली. चौथ्या दिवशी सत्यवान कुऱ्हाड घेऊन लाकडं आणायला निघाला, तर मीही येते म्हणाली. सासरे म्हणाले, लग्न होऊन आल्यापासून हिने कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, जाऊ दे. वर्षभरात पहिलंच मागणं, आणि तेही मागे मागे चालण्याचं!

रानात त्याचं डोकं दुखलं, तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो झोपला आणि यम आला. मग तिने यमाशी जी बोलणी केली ती आपल्या पगारवाढीच्या वेळी आपल्याला का सुचत नाही देव जाणे. यम म्हणत होता, ह्याचा जीव सोडून काहीही माग. तिने आधी सासऱ्यांचे डोळे मागितले, मग त्यांचं राज्य, मग स्वतःच्या वडिलांना शंभर मुलगे. हो, माहेरसुद्धा! मग स्वतःला सत्यवानापासून शंभर मुलगे. यम "तथास्तु" म्हणून बसला आणि मग तिने शांतपणे विचारलं, नवऱ्याशिवाय हे व्हायचं कसं?

तर शेवटी यमाने जे दिलं ते काकूंसाठी मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे. "चतुर्वर्षशतं चायुस्त्वया सार्धमवाप्स्यति." चारशे वर्षांचं आयुष्य त्याला मिळेल, त्वया सार्धम्. तुझ्यासह. दोघांना. म्हणजे मी सकाळी सहा वाजता भेंडी परतताना जे लिहिलं, तेच! सात जन्मांचं त्या वरात अवाक्षर नाही. याच जन्मात, दोघांनी, एकत्र, भरपूर. आणि मला स्वार्थी म्हणाले.

थांबा, अजून संपलेलं नाही. सत्यवान उठला. उठल्यावर पहिलं वाक्य काय म्हणाला असेल? "केवढा वेळ झोपलो मी. मला उठवलं का नाहीस?"

मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून पाच मिनिटं भिंतीकडे बघत बसले. शेजारी आमचे सत्यवान घोरत होते. त्या संध्याकाळी मी ऑफिसातून परस्पर वडाकडे गेले होते. चपला काढून रांगेत पाऊण तास उभी होते, मागच्या बाईचं निरांजन माझ्या पदराला लागता लागता राहिलं, पाचव्या फेरीला सूत तुटलं ते गाठ मारून पुढे नेलं. घरी आले तर हे सोफ्यावर झोपलेले. मी भांडी घासायला घेतल्यावर जागे झाले आणि म्हणाले, "अगं, मला उठवायचंस ना. आलो असतो की."

आलो असतो की!

सकाळी सांगितलं होतं ना? लिहून सांगितलं होतं. सूत तू धर, फेऱ्या दोघं मारू. ते तूच तर काढून टाकायला लावलंस.

तर परत गोष्टीकडे. रात्र झाली होती. सत्यवानाला आपल्या म्हाताऱ्या आईबापांची आठवण आली आणि तो रडायला लागला. (हे मला आवडलं. रडणारा नवरा परंपरेत बसतो, याची नोंद घ्यावी.) तिने त्याचे डोळे पुसले. मग फळांची टोपली एका फांदीला अडकवून ठेवली. कुऱ्हाड स्वतःच्या हातात घेतली. त्याचा हात आपल्या डाव्या खांद्यावर घेतला, उजव्या हाताने त्याला धरलं आणि दोघं अंधारात घराकडे चालू लागले. त्याने "पुरुषासारखा पुरुष मी, कुऱ्हाड बायकोच्या हातात कशी" असं म्हटलेलं नाही. टेकला तिच्या खांद्यावर, आणि चालला. चित्र काढायचं तर हे काढा ना! सराफांना म्हणावं, छापा हे.

आता मला सल्ले देता येत नाहीत, सरळच सांगते. काकू, तुम्ही परंपरा म्हणून जे ऐकवलंत ती परंपरा नव्हे, तो तुमच्या सासूबाईंनी तुम्हाला दिलेला जाच आहे आणि तुम्ही तो पाकीटही न फोडता पुढे पाठवलात. तुम्हीही तीन तीन दिवस उपास केलेत. तुम्हाला कुणी विचारलं का, काकू, तुमचं आयुष्य किती असावं? मी विचारलं असतं. पण तुम्ही आवाजी निरोपात दम घ्यायला थांबला नाहीत.

दीरसाहेब, जन्मठेपेचा विनोद या वर्षी पुरे. तुमची बायको त्या संध्याकाळी रांगेत माझ्या पुढे दोन जणी सोडून उभी होती, उपाशी, आणि तिने तो मेसेज तिथेच वाचला. ती हसली नाही. मी बघत होते.

आणि ज्या बाया दरवर्षी तेच सोनेरी चित्र पाठवतात, त्यात मीही आले. आपल्याला चार ओळी लिहिता येत नाहीत असं नाही. आपण भितो. एकतीस नमस्कार जातील म्हणून भितो. व्रत सोडा असं मी म्हणत नाही. मला ते आवडतं. ते जांभळांचं, आंब्याचं, फणसाच्या गऱ्यांचं वाण आवडतं, सुताचा गुंडा बोटांवरून सुटत जातो तो आवडतो, आणि ह्या माणसाने माझ्यासोबत पुष्कळ जगावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच राग येतो.

२०२६ ला ज्येष्ठ अधिक आहे, पौर्णिमा दोन येतात आणि व्रत दुसरीला, निज ज्येष्ठातल्या. म्हणजे महिनाभर जास्त मिळतोय. या खेपेला तेच लिहिणार आहे, त्याच ग्रुपवर, आणि काढणार नाही :

"तुला आणि मला, दोघांनाही. सूत तुझ्याकडे, निरांजन माझ्याकडे. आणि हो, मी उठवणार नाही. साडेसहाला वडाखाली ये. येताना कापा फणस आण, बरका नको. वाणाचे गरे दोघांनी मिळून काढायचेत, हाताला तेल लावून ये."