"सवय होईल" म्हणे!

"सुरुवातीला सगळ्यांनाच गरगरतं रे, सवय होईल." हे वाक्य मी गेल्या महिन्याभरात इतक्या जणांकडून ऐकलंय की पुढचा जो म्हणेल त्याला व्हीआर हेडसेट घालून माझ्या जुन्या सेटिंगवर अर्धा तास बसवणार आहे. बादली मी देईन.

एसटीने वरंधा घाट उतरलोय, मागच्या सीटवर बसून. कधी गाडी लागली नाही. आणि घरातल्या खुर्चीत बसून रेसिंग गेमच्या तिसऱ्या वळणाला पोट ढवळतं? मेहुणा म्हणाला, "नाजूक झालास." नाजूक मी नाही, फ्रेम चुकत होत्या!

मुळात दोष माझा. व्हिडिओ बघून 90 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 90 फ्रेमवर, सुपरसॅम्पलिंग, म्हणजे चित्र किती जास्त पिक्सेलांत काढायचं ते, 150 टक्के करून ठेवलं. 100 टक्के म्हणजे पडद्याइतकेच पिक्सेल, असं मला वाटत होतं. तसं नसतं. भिंगामुळे चित्र वाकतं, ते सरळ करताना मधला भाग ताणला जातो, म्हणून आधीच जास्तीचे पिक्सेल काढतात. पहिल्या व्हाइव्ह हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला 1080×1200 चा पडदा होता आणि चित्र काढलं जायचं 1512×1680 चं. म्हणजे जवळपास दुप्पट पिक्सेल, तेही काही न वाढवता. त्यावर आणखी दीडपट चढवा असं सांगणारे स्वतः कुठलं ग्राफिक्स कार्ड वापरतात ते मात्र सांगत नाहीत.

90 हर्ट्झला एका फ्रेमसाठी 11.1 मिलिसेकंद मिळतात. झाडी आली की माझं कार्ड घेत होतं 13. साध्या मॉनिटरवर हे कळलंही नसतं. इथे मात्र गाडी चुकली की चुकली, पुढच्या गाडीपर्यंत थांबा. मग रिप्रोजेक्शन मध्ये पडतं. गेम 45 फ्रेम काढतो आणि मधली प्रत्येक फ्रेम आधीच्या हालचालीवरून अंदाजाने रचली जाते. मान वळवली तर जग बऱ्यापैकी जागेवर राहतं, म्हणून वाटतं सगळं ठीक आहे. पण स्टिअरिंगकडे बघा! त्याच्या कडा पाण्यातल्यासारख्या हलतात आणि काचेच्या खांबामागून झाड सरकलं की खांबच लवतो, कारण खांबामागे काय होतं ते त्या अंदाजाला माहीतच नसतं.

एक वेळ सलग 45 सुद्धा चालवून घेतलं असतं. माझं मोकळ्या रस्त्यावर 90, वळणावर झाडी आली की 45, पुन्हा 90. दर वळणाला हा धक्का. खुर्चीत बसून वेगाने गेल्याचं गरगरणं थोड्या थोड्या सरावाने कमी होतं, मान्य. पण दर वळणाला जग अडखळतं, त्याची कसली डोंबलाची सवय?

शेवटी फ्रेम टायमिंगचा आलेख उघडला. हे पहिल्या दिवशी एकानेही सुचवलं नाही. 150 चे 100 केले, कार्डाचा वेळ साडेनऊवर आला. खूश होऊन शर्यत लावली, तर सुरुवातीलाच, वीस गाड्या समोर, पुन्हा तेच अडखळणं! चिडून 70 टक्क्यांवर नेलं. रस्त्यावरच्या पाट्या वाचता येईनात, पण अडखळणं तसंच. तेव्हा कुठे आलेखातली दुसरी रेघ पाहिली. प्रोसेसर 13 मिलिसेकंद घेत होता. पिक्सेल कमी करून त्याला काय फरक पडणार? त्याचा वेळ खात होत्या त्या वीस गाड्या आणि तीन आरसे. आरसा म्हणजे तेच दृश्य पुन्हा एकदा काढायचं, हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन आरसे बंद केले, दिसणाऱ्या गाड्या बारा केल्या, प्रोसेसर साडेदहावर. रिझोल्यूशन परत 100.

तरी साडेदहा आणि 11.1 मध्ये अंतर ते किती? पाऊस पडला की संपलं. म्हणून रिफ्रेश रेट 80 वर आणला. एका फ्रेमला 12.5 मिलिसेकंद, दोन मिलिसेकंद हाताशी. मधल्या फ्रेम अंदाजाने रचणारं मोशन स्मूदिंग बंद. आणि हे केल्याबद्दल लोक मला हसतात! "नव्वदचा हेडसेट घेऊन ऐंशीवर?" अरे, अंदाजाने रचलेल्या नव्वदपेक्षा खरोखर काढलेले ऐंशी बरे. 120 लावा म्हणणाऱ्यांनी तर आधी 8.3 मिलिसेकंदात काय काय बसतं ते मोजून दाखवावं.

परवा पाऊण तास चालवलं, पावसात, उठून सरळ जेवायला बसलो. मग मेहुण्याने हेडसेट घातला. दोन मिनिटं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणतो, "चित्र जरा मऊ वाटतंय, दीडशे करून बघू का?"