तळाशी बघा म्हणे, तळाशी!

"मॉडेल नंबर राउटरच्या तळाशी असलेल्या लेबलवर मिळेल." हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी घेऊन या. पंखा गरम हवा फेकतोय, चष्मा घामानं घसरतोय, आणि हातात तो राउटर उलटा धरलेला. वाच म्हणावं आता.

झालं असं, की वरच्या खोलीत नेट पोचत नाही म्हणून चिरंजीव महिनाभर जिन्यात बसून अभ्यास करतायत (अभ्यास म्हणे!). माळ्यावर जुना राउटर पडून होता, म्हटलं तो वर लावू. खोका आणि त्यातलं पुस्तक कधीच रद्दीत गेलेलं, म्हणून पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, मॅन्युअल मिळतंय की. मॉडेल सांग फक्त."

मी पुढच्या बाजूला सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं वाचून दाखवलं : N300. तिकडून हसू. "ते मॉडेल नाही मामा, स्पीड आहे. ३०० एमबीपीएसवाले सगळेच राउटर N300." अरे मग ते कपाळावर कशाला गोंदलंय? माणसाचं नाव तळपायावर लिहायचं आणि कपाळावर वजन, असली तऱ्हा!

तर तळपाय. राखाडीवर राखाडी, कणीएवढी अक्षरं. आमच्या मिक्सरचंही हेच, गीझरचंही हेच, वॉशिंग मशीनचं तर भिंतीकडच्या बाजूला. हे लोक लेबल वाचण्यासाठी छापतात की लपवण्यासाठी, कळत नाही. टॉर्च समोरून मारला तर चकाकी, काहीच दिसेना. शेवटी टॉर्च आडवा धरून मोबाईलनं फोटो काढला आणि तो मोठा करून वाचला. त्यातही पहिल्यांदा मी सीरियल नंबरच मॉडेल म्हणून वाचला, आणि त्यातला 8 होता की B यावर मामा-भाच्याची पाच मिनिटं गेली. सीरियल नंबर त्या एका डब्यापुरता असतो, मॅन्युअल शोधायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

मॉडेल सापडलं एकदाचं. "आता त्याच्या शेजारी व्हर्जन बघ, V आणि आकडा." शेजारी काय होतं सांगू? केबलवाल्याचं स्टिकर! अख्खा तळ मोकळा सोडून पठ्ठ्यानं बरोबर त्याच कोपऱ्यावर चिकटवलेलं. "तक्रारीसाठी संपर्क", आणि तो नंबर तीन वर्षं बंद. नखानं खरवडायला गेलो तर खालचं लेबलही सुटायला लागलं. मग खोबरेल तेलाचं बोट लावून दहा मिनिटं बसलो. सोलापुरात चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्याची वाट बघायची सवय असल्यामुळं दहा मिनिटांचं काही वाटत नाही म्हणा. स्टिकर निघालं. खाली : V4.

या V4 साठी एवढा आटापिटा का, तर एकाच नावाचा राउटर वर्षानुवर्षं विकतात आणि आतला बोर्ड, चिप गुपचूप बदलतात. कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलची V1 पासून V6 पर्यंत रांग, प्रत्येकाचं मॅन्युअल वेगळं. मी आधीच घाईनं V1 चं उतरवून घेऊन त्यातला मेनू मनात पाठ करत बसलो होतो. आणि फर्मवेअर म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याची चुकीच्या व्हर्जनची फाइल चढवली तर डबा कायमचा झोपू शकतो, ते निराळंच.

"आता फर्मवेअर बघ." परत लेबल उलटसुलट केलं. "तिथं नसतंय मामा. असलं तरी कारखान्यातून निघतानाचं. नंतर अपडेट झालं तर कागद थोडाच बदलतोय? ॲडमिन पेज उघड."

जुन्या राउटरला पॉवर दिली आणि मोबाईलवर 192.168.1.1 टाकलं. उघडलं काय, तर सर्चचे निकाल! मग पुढं http:// लावून वरच्या पट्टीत टाकलं. तरी गोल गोल फिरत बसलं. भाचा म्हणाला, "मोबाईल डेटा बंद कर." तो बंद केल्यावर पान आलं. मोबाईलला वायफाय जरा अशक्त वाटला की तो स्वतःच्या मनानं डेटावरून जातो, आणि राउटर तर घरात बसलेला, तो डेटावरून सापडणार कसा? वर आमच्या हुशार फोनला हे विचारावंसंही वाटत नाही.

पासवर्ड admin, admin. नाही म्हणाला. लेबलवरचा टाकला, तोही नाही. शेवटी केबलवाल्याचा नवा नंबर शेजाऱ्यांकडून घेतला. त्यानं अख्ख्या गल्लीला एकच पासवर्ड ठेवलाय हे त्यानं अभिमानानं सांगितलं. पान उघडलं, स्टेटसमध्ये गेलो आणि मोठ्यानं वाचलं :

```
Firmware Version: 1.2.0 Build 190417 Rel.34561n
```

Build पुढचा आकडा म्हणजे वर्ष, महिना, तारीख : १७ एप्रिल २०१९. आता V4 च्या यादीत 1.2.0 शोधायचं. नाही! वरून खाली तीनदा बघितलं, नाहीच. इथं माझा पारा शहराच्या पाऱ्यापुढं गेला. कंपनीला, केबलवाल्याला, त्या साइटच्या बारीक बटणांना, आणि ओघात शिव्या खाल्लेल्या सगळ्यांनाच मी झाडलं. भाचा शांतपणे ऐकून म्हणाला, "मामा, त्याच पानावर Hardware Version काय लिहिलंय?"

V2.

हातातल्या डब्यावर V4, पानावर V2. मॉडेलचं नावही निराळं, मी वाचलंच नव्हतं. मोबाईल हॉलमधल्या चालू राउटरच्या वायफायवर होता. म्हणजे तासभर मी लेबल एकाचं वाचत होतो आणि पान दुसऱ्याचं! वर मघाशी पासवर्ड लागेना म्हणून वैतागून दोन्ही राउटर रीसेट करायला उठलो होतो, ते भाच्यानं ओरडून थांबवलं होतं. हॉलमधला केला असता तर त्यातलं नेट जोडायला लागणारं PPPoE चं नाव-पासवर्ड पुसून अख्ख्या घराचं नेट गेलं असतं.

मग मुकाट्यानं लॅपटॉपचं वायफाय बंद केलं. जुन्या राउटरच्या LAN पोर्टात वायर खुपसली. काळ्या खिडकीत ipconfig मारलं, Default Gateway समोर 192.168.0.1. हा तर पत्ताच वेगळा! जुना राउटर मात्र बिनधास्त रीसेट केला, admin चाललं. मॉडेल जुळलं, Hardware Version V4 जुळलं, Build निघाला 160325, आणि यादीत तो सरळ समोर बसलेला. मॅन्युअल उतरवायला अर्धं मिनिट.

त्यात माझ्या कामाचं दोन ओळींत होतं : DHCP, म्हणजे घरातल्या फोन-लॅपटॉपला पत्ते वाटायचं काम, बंद करा; आणि हॉलमधल्या राउटरकडून आलेली वायर WAN मध्ये नाही, LAN मध्ये लावा.

आता मार्करनं राउटरच्या वरच्या बाजूला मॉडेल, V4, Build, पत्ता सगळं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. बायको म्हणते, "अहो, पांढऱ्याशुभ्र वस्तूवर काय गिरवून ठेवलंय हे?" म्हटलं, कपाळ आहे ते. केबलवाल्याचं स्टिकर परत लावायला गेलो, तर तेलामुळं चिकटेना.