बाविसाव्या मिनिटाला गेलेला अर्ज

“मामा, साठ रकाने भरून खालचं बटण दाबलं की परत लॉगिनचं पान येतं आणि सगळं कोरं. नेट बदलून घेतलं, तरी तेच. तुमच्याकडे असं होतं का हो?”

माझा भाचा तासगावात सेवा केंद्र चालवतो. त्याने हे घरच्या ग्रुपवर विचारले, त्या वेळी सांगलीत दुपार होती आणि इथे इंग्लंडमध्ये, लीड्सला, मी सकाळचा चहा घेत होतो. इथल्या नगरपरिषदांचे ऑनलाइन अर्ज तपासून पाहणे हेच गेली अकरा वर्षे माझे काम असल्यामुळे आधी त्याच्याकडून घड्याळाचे तपशील मागवले. द्राक्ष बागायतदाराचा अर्ज होता. लॉगिन ११ वाजून ५ मिनिटांनी झाले. जिल्हा, तालुका, गाव निवडून होईपर्यंत ११:१२ झाले. नंतर गट क्रमांक, हेक्टर-आर, बँकेचा खाते क्रमांक आणि सहहिस्सेदारांची नावे हाताने टाइप केली. मध्ये ८-अ चा खाते क्रमांक सापडेना, म्हणून बागायतदाराने घरी फोन लावला आणि तिकडे कपाटातून कागद निघेपर्यंत सगळे थांबले. सबमिट दाबले तेव्हा ११:३४ वाजले होते.

यात नेटचा दोष नाही. आपण टाइप करतो ते सारे आपल्या समोरच्या ब्राउझरमध्येच राहते. दूरच्या सर्व्हरला त्यातले एक अक्षरही पोहोचत नाही, त्यामुळे त्याच्या लेखी समोरचा माणूस उठून गेलेला असतो. जिल्हा निवडल्यावर तालुक्यांची यादी मात्र सर्व्हरकडून येते, तालुका निवडल्यावर गावांची, आणि अशा प्रत्येक विचारणीला त्याचे घड्याळ पुन्हा शून्यावर येते. शेवटची विचारणी ११:१२ ची होती. सर्व्हर बनवणाऱ्यांनी मुळात ठेवलेली मुदत कुठे २० मिनिटे, कुठे २४, कुठे ३० असते, आणि बहुतेक कार्यालयांत ती कोणी बदललेलीच नसते. इथे ती २० असावी, कारण बावीस मिनिटांनी आलेल्या अर्जाला सर्व्हरने अनोळखी मानून लॉगिनच्या पानाकडे वळवले, आणि त्या वळणावर सोबत आलेले साठ रकाने टाकून दिले. म्हणूनच अर्जाचा पहिला अर्धा भाग कधी दगा देत नाही; याद्या संपून नुसते टाइप करणे सुरू झाले की धोका सुरू होतो. नेट तुटले असते तर ब्राउझरने जोडणी नसल्याचे स्वतःचे पान दाखवले असते. लॉगिनचे पान दिसते याचाच अर्थ सर्व्हर पोहोचण्याजोगा होता.

ग्रुपवर यावरून जी चर्चा झाली ती आपल्याकडच्या जाहीर चर्चेसारखीच होती. थोरले बंधू शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना वाटले प्रश्न ओटीपीचा आहे, आणि हयातीच्या दाखल्याच्या वेळी आपला ओटीपी कसा जुन्या नंबरवर गेला हे त्यांनी सविस्तर लिहिले. भाच्याचा उपाय सरळ होता: मुदत आठ तास करून टाकावी. त्याचे अर्धे बरोबर आहे, कारण वीस मिनिटांत साठ रकान्यांचा अर्ज भरून होत नाही हे तो रोज पाहतो. पण पुण्यात एका बँकेत संगणक-सुरक्षेचे काम करणाऱ्या मावसबहिणीने त्याला लगेच अडवले. “तुझ्या केंद्रात एकाच खुर्चीवर दिवसाला चाळीस माणसं बसतात. एकाचं लॉगिन उघडं राहिलं, तर पुढच्याच्या हातात त्याचा आधार क्रमांक आणि बँक खातं.” ब्राउझरमध्येच मजकूर साठवून ठेवावा, ही कुणीतरी केलेली सूचनाही तिने त्याच कारणाने खोडली: घरच्या लॅपटॉपवर ते चालेल, सेवा केंद्रातल्या संगणकावर पाटलांच्या अर्जात मुल्लांचा गट क्रमांक दिसेल.

आता “तुमच्याकडे” काय होते ते. इथले सगळे छान चालते असे सांगणारे पुष्कळ अनिवासी आहेत, त्यांत मला भर घालायची नाही. मुलीच्या शाळाप्रवेशाचा अर्ज भरताना मलाही एका पानाने बाहेर काढले होते. मुदत संपायच्या दोन मिनिटे आधी सूचना आली होती, पण ती त्या पानावर आली आणि मी लसीकरणाच्या तारखा शोधत दुसऱ्या टॅबमध्ये होतो. दिव्यांगांनाही संकेतस्थळे वापरता यावीत यासाठीचे सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सूचना द्या आणि मुदत वाढवायला निदान वीस सेकंद द्या असे सांगतात. ब्रिटनमध्ये सार्वजनिक संस्थांना ते निकष २०१८ च्या कायदेशीर नियमांनी लागू आहेत आणि भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वेही त्यांवरच बेतलेली आहेत. कागदावर दोन्ही देशांत फारसे अंतर नाही, आणि नुसत्या सूचनेने माझा अर्ज वाचलाही नाही.

मला जाणवलेला फरक वेगळ्या ठिकाणी आहे. इथल्या केंद्र सरकारी अर्जांची रूढ मांडणी एका पानावर एकच प्रश्न अशी असते. प्रत्येक पानाचे उत्तर पुढे जाताना सर्व्हरकडे जाते, आणि ते तिथे मसुदा म्हणून जपले असेल तर मुदत संपली तरी हातचे एक उत्तर जाते, साठ नव्हे. मी हे ग्रुपवर लिहिले तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, साठ पानं? इथं एक पान उघडायला कधी कधी अर्धा मिनिट लागतो.” त्याचे म्हणणे मान्य करावे लागले, तीस मिनिटे नुसती पाने उघडण्यात जातील. तासगावासाठी मला सहा भाग पुरेसे वाटतात: अर्जदार, जमीन, पीक, सहहिस्सेदार, बँक, कागदपत्रे. प्रत्येक भागाखाली ‘जतन करा’ असावे आणि मसुदा अर्ज क्रमांकाखाली सर्व्हरवर राहावा. मुदत मग वीस मिनिटेच ठेवली तरी चालेल, कारण पुन्हा लॉगिन केल्यावर माणूस सोडल्या जागी परत येतो. सुरक्षा की सोय, असा जो वाद आपल्याकडे घातला जातो तो मला इथेच फोल वाटतो. ओळख विसरणे आणि मजकूर विसरणे ही दोन वेगळी कामे आहेत. एकाच घड्याळाला ती बांधून टाकणे हा बनवणाऱ्याचा आळस आहे.

तोवर भाच्याला दोन गोष्टी सांगितल्या. सर्व कागद टेबलावर आल्याशिवाय लॉगिन करायचे नाही. आणि टाइप करून झाल्यावर वेळ उलटल्याची शंका आली, तर सबमिट न दाबता दुसऱ्या टॅबमध्ये लॉगिन करून मग पहिल्या टॅबवर परत यायचे. हा दुसरा उपाय हमखास नाही. काही अर्जांच्या पानात जुन्या लॉगिनशी बांधलेली छुपी खूण असते आणि ती जुळली नाही तर अर्ज नाकारला जातो. म्हणून आधी पानाचे फोटो मोबाइलवर काढून ठेव म्हटले, आणि अर्ज गेल्यावर ते आठवणीने पुसायलाही सांगितले.

मावसबहिणीचा एक प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला आहे. केंद्राच्या एकाच लॉगिनखाली शंभर जणांचे अर्धवट मसुदे साठले, तर ते उघडायचा हक्क अर्जदाराचा की केंद्रचालकाचा? बागायतदाराच्या ओटीपीशिवाय मसुदा उघडू नये, असे ती म्हणते. त्यावर भाच्याने लिहिले, “औषध मारायला गेलेला माणूस फोन उचलत नाही, मग मी दिवसभर थांबू का?” आणि थोरल्या बंधूंनी पुन्हा ओटीपीची गोष्ट काढली, या वेळी ती विषयाला धरून होती.