चारशे पाहुणे तोफेत

भाचीची बँकेची परीक्षा जवळ आली. तिला इंग्रजीच्या पेपरात उलटसुलट वाक्यं योग्य क्रमाने लावायची असतात. "मामा, तू रोज पेपर वाचतोस, तुला जमेल," असं म्हणून डोंबिवलीला गाडीत चढताच तिने माझ्या हातात मराठीतली पाच वाक्यं ठेवली:

(अ) त्यांनी मिळून चौदा डबे ओढले.
(ब) १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी निघाली.
(क) त्या दिवशी तोफांची सलामीही झाली.
(ड) तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडली होती.
(इ) त्यांत चारशेच्या आसपास पाहुणे बसले होते.

एका हाताने कडी धरून मी उत्तर दिलं: क, इ, अ, ब, ड. समारंभ म्हटला की सलामी आधी, हा माझा हिशोब.

तिने मोठ्याने वाचलं. तोफांची सलामी झाली, त्यांत चारशे पाहुणे बसले आणि त्यांनी मिळून चौदा डबे ओढले. शेजारचे काका म्हणाले, "आता आपण ढकलतोय, तेव्हा ओढायचे."

"मामा, ‘त्या’, ‘त्यांनी’, ‘त्यांत’, ‘तिला’ यांनी सुरू होणारी वाक्यं मागे कुणाकडे तरी बोट दाखवतात. ती पहिली कशी येतील?" या चाळणीतून एकटं ‘ब’ उरलं. तारीख, गाव, गाडी, सगळं नावानिशी.

मग मी ‘ब’ला ‘क’ जोडलं. तारखेमागे ‘त्या दिवशी’ शोभून दिसतं. पुढे ‘तिला तीन इंजिनं जोडली होती’. भाची थांबली. "कुणाला? सलामीला?"

सलामीही स्त्रीलिंगी निघेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सर्वनाम लिंग-वचन जुळणारं जवळचं नाम पकडतं, आणि मध्ये दुसरी बाई आली की घोटाळा होतो. म्हणून ‘ब’नंतर लगेच ‘ड’. ‘त्यांनी’ म्हणजे इंजिनांनी, म्हणून मग ‘अ’. ‘त्यांत’ म्हणजे डब्यांत, म्हणून ‘इ’. ‘ड’ला थेट ‘इ’ चिकटवलं तर पाहुणे इंजिनात कोळशावर बसतात. ‘क’ शेवटी, कारण ‘त्या दिवशी’ला तारीख थोडी लांब असली तरी चालते. भाची आधी अशा घट्ट जोड्याच शोधते, पूर्ण क्रम नंतर. मला हे कळेपर्यंत ठाणं आलं आणि गर्दीने माझाच क्रम बदलला.

मुलुंडला बायकोचा मेसेज आला: "अहो, तो येऊन गेला का? तिने दिलेलं ते त्याला द्यायचं होतं. आणि ती बंद केलीत ना?"

मी भाचीला फोन दाखवला. तिने दोनदा वाचलं.

"मामा, यात ‘ब’ नाहीच आहे."