कायदा पाठ करून क्लॅटचा उतारा सुटत नाही

«क्लॅटला लीगल रीझनिंगचा पॅसेज वाचत बसू नका, वेळ पुरत नाही. करार, अपकृत्य आणि आयपीसीची कलमं पाठ करा. थेट प्रश्न वाचा, कायदा लावा, दहा सेकंदांत उत्तर. दोन ऑप्शनमध्ये अडलात तर जो न्यायाला धरून वाटेल तो भरा. टॉपर्सची ट्रिक, सगळ्यांना पाठवा.»

क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा. हा मेसेज पार ती देणाऱ्या माझ्या भाचीपर्यंत पोचला, आणि तिने परवा बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याच्या नुसत्या कलमांचं पुस्तक, विकत आणलं. बारावीची मुलगी. जो वेळ मॉक म्हणजे सराव पेपर सोडवण्यात जायला हवा तो ती कलमं घोकण्यात घालवते आहे. म्हणून हे लिहितो आहे.

परीक्षा घेणारं राष्ट्रीय विधी विद्यापीठांचं कन्सॉर्शियम आपल्या अभ्यासक्रमातच सांगतं, की लीगल रीझनिंगच्या विभागासाठी कायद्याचं पूर्वज्ञान लागत नाही. उताऱ्यातला नियम ओळखायचा, तो नव्या प्रसंगाला लावायचा आणि नियम बदलला तर उत्तर कसं बदलेल ते सांगायचं, एवढंच विचारलं जातं. चालू घडामोडींतल्या कायदेशीर आणि नैतिक प्रश्नांची सर्वसाधारण जाण असेल तर फायदा होतो, असंही तिथे म्हटलं आहे. पण जाण असणं वेगळं आणि कलम पाठ असणं वेगळं. खरं तर हा वाद इथेच संपायला हवा. पण ट्रिक म्हटलं की आपल्याकडे मूळ कागद कोण वाचतो!

पाठ केलेला कायदा निरुपयोगी असता तरी मी गप्प बसलो असतो. तो उलटतो, ही माझी खरी तक्रार आहे. एक उदाहरण घेऊ. नमुना माझा आहे, घडण परीक्षेतल्यासारखी.

उताऱ्यात नियम असा: अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार ती व्यक्ती रद्द करू शकते, समोरच्या पक्षाला तो हक्क नाही. मात्र अठरा पूर्ण झाल्यावर त्या व्यक्तीने कराराचा फायदा जाणूनबुजून घेणं चालू ठेवलं, तर तिचा रद्द करण्याचा हक्क संपतो.

प्रसंग असा: सतरा वर्षांच्या ओंकारने सांगलीतल्या एका दुकानातून चाळीस हजारांचा कॅमेरा हप्त्यांवर घेतला. तीन हप्ते भरले. मग त्याला अठरा पूर्ण झाली. पुढचे दोन महिने तो त्याच कॅमेऱ्यावर लग्नांचे फोटो काढून पैसे कमावत राहिला. त्यानंतर दुकानदाराला म्हणाला, करार केला तेव्हा मी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा होतो, करार रद्द.

पर्याय चार. अ: अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच शून्य, म्हणून ओंकार बांधील नाही. आ: करार करताना तो अज्ञान होता, म्हणून तो करार रद्द करू शकतो. इ: अठरानंतर त्याने जाणूनबुजून कॅमेरा वापरला, म्हणून आता रद्द करू शकत नाही. ई: रद्द करू शकत नाही, कारण तसं झालं तर दुकानदारावर अन्याय होईल.

कायदा पाठ असलेला मुलगा डोळे झाकून अ भरतो. भारतातला खरा कायदा तसाच आहे. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहरी बीबीच्या खटल्यात अज्ञानाचा करार मुळातच शून्य ठरवला, आणि प्रत्येक क्लासच्या नोट्समध्ये हे पहिल्या पानावर असतं. पण उताऱ्याने तो नियम दिलेलाच नाही. उताऱ्यात करार वैध आहे, फक्त एका बाजूला तो मोडायची मुभा आहे. उत्तर इ. ज्याला मोहरी बीबी ठाऊकच नाही तो इथे तरतो, आणि ज्याला ठाऊक आहे तो फसतो. जुन्या पद्धतीच्या क्लॅटमध्ये तर सूचनाच असायची, की दिलेली कायदेशीर विधानं प्रत्यक्षात खरी नसतीलही, ती खरी मानून उत्तर द्या.

आता ‘न्यायाला धरून वाटेल तो’ या सल्ल्याकडे येतो. सगळ्या मेसेजमध्ये मला हा सर्वात घातक वाटतो, कारण तो शहाणपणाचा वाटतो. ई पाहा. निकाल बरोबर आहे, ओंकार हरतोच. पण दुकानदारावरच्या अन्यायाबद्दल उताऱ्यात एक अक्षर नाही. पेपर काढणारा मुद्दाम दोन पर्यायांत एकच निकाल ठेवतो आणि कारण बदलतो. तुम्ही निकाल पाहून थांबलात की अडकलात. पर्यायातलं कारण उताऱ्यातल्या कोणत्या वाक्यावर बोट ठेवून दाखवता येतं, एवढं एकच तपासायचं. बोट ठेवता आलं नाही तर पर्याय कितीही भला दिसो, खोडायचा.

पुढचा प्रश्न बहुधा असा येतो: नियमात बदल होऊन अठरानंतरची संमती लेखी हवी अशी अट घातली, तर? आता दोन महिन्यांचा वापर पुरत नाही. ओंकारने काही लिहून दिलेलं नाही, म्हणून उत्तर आ होतं. किंवा प्रसंग बदलतो: ओंकार अजून सतराचाच आहे आणि दुकानदाराला माल परत हवा आहे. तो हक्क त्याला नाहीच, पहिल्याच वाक्यात तसं आहे. हे दोन्ही प्रश्न पाठांतराला हातच लावू देत नाहीत.

वेळेचं म्हणाल, तर त्यात थोडं तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. १२० मिनिटांत १२० प्रश्न, साधारण ४५० शब्दांचा उतारा, तोही इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची तिथे खरंच दमछाक होते. पण हिशोब मांडा. एका उताऱ्यावर पाच प्रश्न धरले तर पाच मिनिटं मिळतात. अडीच मिनिटं वाचनात गेली तरी प्रत्येक प्रश्नाला अर्धं मिनिट उरतं, आणि नियम डोक्यात पक्का असेल तर ते पुरतं. उतारा टाळून वाचवलेली अडीच मिनिटं कुठे जातात? प्रत्येक प्रश्नाला मागे वळून शोधण्यात, किंवा आत्मविश्वासाने चुकण्यात. चुकीला पाव गुण कापला जातो. बरोबर आणि चूक यांत सव्वा गुणाचं अंतर पडतं.

शिवाय उताऱ्याची सगळी वाक्यं सारख्या तोलाची नसतात. पार्श्वभूमी, इतिहास, लेखकाची मतं भरभर वाचा. जिथे ‘जर’, ‘मात्र’, ‘केवळ’, ‘वगळता’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द येतात तिथे थांबा आणि रेघ ओढा. पेपर कागदावर असतो, प्रश्नपुस्तिका तुमच्याच हातात असते. वरच्या उताऱ्यात ‘मात्र’नंतरचं वाक्य आणि ‘जाणूनबुजून’ हा शब्द निसटला की खेळ संपला.

आयपीसीबद्दल फार लिहीत नाही. ती संहिता १ जुलै २०२४ला गेली, तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाची शिक्षा आता कलम १०३मध्ये आहे, आणि ३०२ हे धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचं कलम आहे. मेसेज लिहिणाऱ्या टॉपरने निदान हे तरी पाहायला हवं होतं.

एक मात्र खरं: महाराष्ट्राच्या एमएच-सीईटी लॉमध्ये कायद्याच्या माहितीचे थेट प्रश्न येतात आणि उणे गुणही नाहीत. तिथे कलमं, संविधानातले अनुच्छेद, गाजलेले खटले वाचलेले उपयोगी पडतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली राष्ट्रीय विधी विद्यापीठं मात्र क्लॅटवरून प्रवेश देतात, आणि भाचीला तिथेच जायचं आहे. बेअर ॲक्ट तिने सीईटीसाठी ठेवावा. क्लॅटचा मॉक लावला, की तो कपाटात.