कमळाचे डोळे

आमच्या सात वर्षांच्या कन्येने वसुबारसेला दारात आयुष्यातली पहिली रांगोळी काढली. तिच्या छायाचित्राखाली नातेवाइकांसाठी कौतुकाची एक ओळ लिहायची, एवढेच काम माझ्याकडे होते आणि ते कालपासून अडले आहे. अडचण शब्दांची नाही. छायाचित्रातल्या कमळाला डोळे आहेत, आणि ते तिने काढलेले नाहीत.

रांगोळी ‘सात ते चार’ ठिपक्यांची होती. म्हणजे मधल्या ओळीत सात ठिपके, तिच्या वर आणि खाली सहा, पाच, चार असे उतरत जायचे, एकूण सदतीस. यातली मेख अशी की प्रत्येक पुढच्या ओळीतला ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध पडावा लागतो, तरच सहा कोपरे तयार होतात आणि मधल्या ठिपक्यापासून त्या कोपऱ्यांपर्यंत सहा पाकळ्यांचे कमळ फुलते. कन्येने मात्र शाळेच्या वहीत समास सोडून लिहितात तशा सर्व ओळी डावीकडून एका रेषेत सुरू केल्या. ठिपके मोजून बरोबर सदतीस होते, त्यामुळे मीही निर्धास्त मान डोलावली. परिणामी चार पाकळ्या वर, खाली आणि तिरप्या अशा बाजूंना फाकल्या, एक मागे डावीकडे गेली आणि एक एकटीच उजवीकडे मान काढून बसली. चिमटीऐवजी मुठीतून सुटलेल्या रांगोळीमुळे रेघा बोटभर जाड झाल्या होत्या. सकाळी लावलेला गेरू पुरता वाळण्याआधीच ती बसल्यामुळे अर्धी रांगोळी ओल पिऊन करडी पडली होती. (गेरू वाळू देण्याची जबाबदारी माझी होती, हे पत्नीने येथे नोंदवायला सांगितले आहे.) तरीही ते कमळ होते. वाऱ्यात सापडलेले होते, पण कमळ होते.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरून आल्या. या काकूंना इमारतीतल्या कोणत्याही दारासमोरची रांगोळी ओलांडून पुढे जाता येत नाही. त्या थांबतात, कमरेवर हात ठेवतात आणि परीक्षण करतात.

“अगंबाई, कासव! किती गोड काढलंयस गं!”

“काकू, ते कमळ आहे,” कन्या म्हणाली.

“हो का? पण हे बघ, चार पाय, ही शेपूट आणि हे डोकं. कासवच झालंय, बाळा. आणि कासव शुभ असतं, चैत्रांगणात काढतात. फक्त त्याचं तोंड घराकडे हवं, नाहीतर लक्ष्मी बाहेर जाते.”

उजवीकडे आमचा दरवाजा नसून लिफ्ट आहे. त्यामुळे आमची लक्ष्मी तळमजल्याच्या दिशेने निघाली असल्याचे काकूंनी मला स्वतंत्रपणे समजावले. मी हसून “बसा ना, चहा घेऊन जा” म्हणालो, ही माझी चूक. मी पत्नीला सांगायला आत गेलो आणि कन्या हात धुवायला गेली. बाहेर येऊन पाहतो तो काकूंनी वाटीतली रांगोळी घेऊन उजव्या पाकळीवर दोन टपोरे डोळे काढलेले, आणि त्यांच्याखाली एक हसरी रेघसुद्धा.

“आता कसं जिवंत वाटतं!” असे म्हणून त्या चहा न घेताच निघून गेल्या.

कन्या काही बोलली नाही. तिने खाली बसून एक डोळा बोटाने पुसला. गेरूवरची रांगोळी पुसली जात नाही, ती फक्त पसरते. त्या डोळ्याच्या जागी गुलाबीसर धब्बा उमटला आणि कासवाला कुणीतरी ठोसा मारल्यासारखे दिसू लागले. मग मात्र ती रडली. मला काकूंचा राग आला, तो अजून गेलेला नाही. स्वतःच्या दारात सराईत हाताने झरझर वेल काढणाऱ्या बाईला सात वर्षांच्या मुलीची वाकडी पाकळी एक संध्याकाळभर तशीच सोडवत नसेल, तर त्या हाताचे मी काय कौतुक करू? दुसऱ्याच्या पोळीचा आकार तरी कोणी ताटात हात घालून सुधारत नाही.

नातेवाइकांना पाठवायच्या ओळीचे मी चार मसुदे केले. ‘चि. कन्येने काढलेले कमळ’ लिहावे तर आत्या डोळ्यांबद्दल विचारणार, आणि ‘कासव’ लिहावे तर घरात बंड होणार. छायाचित्र कापून उजवी बाजू वगळावी, तर पाकळ्या पाचच उरतात. शेवटी मी लेखणी कन्येकडेच दिली. तिने बराच विचार करून लिहिले, “हे कमळ आहे. डोळे वरच्या काकूंचे आहेत.”

छायाचित्र याच ओळीसह गेले आहे. इमारतीच्या गटातही गेले आहे.