खात्याला दंड बसवून घेण्याची सोपी रीत

मराठवाड्याच्या माणसाला सरासरी शिकवायला जाऊ नये. जूनभर आभाळाकडं बघून मान अवघडते, जुलैत दुबार पेरणी होते, आणि सप्टेंबरात एका रात्री मंडळात शंभर मिलिमीटर कोसळतो. दुसऱ्या दिवशी तहसीलचा कागद सांगतो की सरासरी गाठली. पीक गेलं ते गेलं, सरासरी मात्र भरली. इतकं सगळं अनुभवलेला माणूस बँकेच्या सरासरीत कसा काय नापास होतो, हे कोडं आहे. पण नापास व्हायचंच असेल तर नीट व्हावं, म्हणून हा प्रपंच.

आधी खातं काढताना ‘किमान सरासरी शिल्लक’ या तीन शब्दांतला फक्त ‘किमान’ शब्द वाचा. ‘सरासरी’ सोडून द्या. आमच्या मामांनी तेच केलं. लातूरच्या एका खासगी बँकेत त्यांचं खातं, अट पाच हजारांची. त्यांनी धरून ठेवलं की खात्यात कायम पाच हजार पडून असायला पाहिजेत, आणि ते आपल्याला जमणार नाही, म्हणजे दंड हा नशिबाचाच भाग. खरं तर बँक पावसाच्या खात्यासारखीच मोजते. रोज रात्री दिवस बंद होताना खात्यात किती रक्कम उरली, ती लिहायची. महिनाभराच्या सगळ्या रात्रींची बेरीज करायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायचं. तीस दिवसांच्या महिन्यात पाच हजारांची सरासरी हवी, तर बेरीज दीड लाख झाली पाहिजे. ती रोजच्या पाच हजारांनी होते, तशीच एका रात्रीच्या दीड लाखानंही होते. उरलेले एकोणतीस दिवस खातं कोरडं असलं तरी चालतं. हे मात्र मनात ठेवू नका, नाहीतर पुढचा सगळा लेख वाया जाईल.

आता मामांचा नोव्हेंबर बघा. महिना सुरू झाला तेव्हा खात्यात हजार रुपये होते आणि ते तसेच अकरा दिवस राहिले. बारा तारखेला मोंढ्यात सोयाबीनचा काटा झाला, आडत्यानं पट्टी केली आणि दुपारी एकच्या सुमारास 62,000 रुपये खात्यात आले. मामा त्या वेळी बँकेच्या दारातच उभे होते. दंडाची आवड असलेल्यानं इथं त्यांचा आदर्श घ्यावा. तीन वाजायच्या आत त्यांनी 60,000 काढले. कृषी सेवा केंद्राची उधारी दुसऱ्या दिवशी द्यायची होती आणि ट्रॅक्टरवाल्याचे पैसे त्याच्याही नंतर, पण पैसे गादीखाली असले की झोप चांगली लागते. दुपारी दोन तास खात्यात त्रेसष्ट हजार होते, हे मामांनी पाहिलं, मेसेजनंही सांगितलं. हिशेबाला मात्र ते दिसलेच नाहीत, कारण तो रात्रीच बघतो आणि रात्री खात्यात तीन हजार होते.

ते तीन हजार वीस तारखेपर्यंत टिकले. एकवीसला लेकराच्या क्लासचे अडीच हजार गेले आणि महिनाअखेरपर्यंत पाचशे उरले. बेरीज करू. हजाराच्या अकरा रात्रींचे 11,000, तीन हजारांच्या नऊ रात्रींचे 27,000 आणि पाचशेच्या दहा रात्रींचे 5,000, असे एकूण 43,000. तीसनं भागलं की 1,433 रुपये आणि तेहतीस पैसे. पाच हजारांत 3,566 रुपये 67 पैशांची तूट.

गादीखालच्या त्या साठ हजारांनी खात्यातच दोन रात्री काढल्या असत्या, म्हणजे मामांनी ते चौदा तारखेला काढले असते, तर बेरीज एक लाख त्रेसष्ट हजार झाली असती आणि सरासरी 5,433. एका रात्रीनं भागलं नसतं, दोन रात्री पुरल्या असत्या. उधारी तशीही तेराला आणि त्यानंतर द्यायची होती. शुक्रवारी पैसे आले आणि पुढं दुसरा शनिवार असेल तर हा धोका आणखी वाढतो. बँक बंद असली तरी शनिवार-रविवारच्या रात्री मोजल्या जातात, आणि तुम्ही घरी झोपलेले असताना सरासरी आपोआप भरून जाते. म्हणून शुक्रवारची सोयाबीन शुक्रवारीच काढा. हयगय नको.

आता दंडाकडे वळू. पूर्वी तूट दहा रुपयांची असो की दहा हजारांची, सरसकट एकच रक्कम कापायची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. रिझर्व्ह बँकेनं त्यात खोडा घातला. 1 एप्रिल 2015 पासून दंड तुटीच्या प्रमाणात पाहिजे, तुटीवर ठरावीक टक्का. किती टक्के, ते प्रत्येक बँक आपल्या दरपत्रकात ठरवते. मामांच्या बँकेत सहा टक्के. 3,566 रुपये 67 पैशांचे सहा टक्के म्हणजे 214 रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी 38 रुपये 52 पैसे, मिळून 252 रुपये 52 पैसे. जीएसटीचं विशेष कौतुक करा. खात्यात पैसे नाहीत ही सेवा आपल्याला पुरवल्याबद्दल आपण सरकारला कर देतो.

पण दंड असा लगेच बसत नाही, हीच मोठी अडचण. तूट दिसली की बँकेनं आधी कळवायचं, मेसेजनं, मेलनं किंवा पत्रानं, आणि शिल्लक पूर्ववत करायला कळवल्यापासून निदान एक महिना द्यायचा, असा नियम आहे. म्हणजे सुटायला चांगली मोकळी वाट ठेवलेली असते. ती बंद करायचा उपाय मामांकडे आहे. बँकेचा मेसेज आला की तो कर्जाच्या जाहिरातीचा समजून पुसून टाकायचा. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तसा मेसेज आला. मी विचारलं, “मामा, बँकेनं काय लिहिलंय ते वाचलंत का?” मामा म्हणाले, “आरं, ते रोजच पाठवायलेत. दहा लाख घ्या म्हणायलेत. मला कुठं पायजेत?”

डिसेंबरभर खात्यात पाचशेच राहिले. पाच जानेवारीला नोव्हेंबरचे 252 रुपये 52 पैसे गेले आणि 247 रुपये 48 पैसे उरले. डिसेंबरची सरासरी पाचशे, तूट साडेचार हजार, दंड 270, जीएसटीसह 318 रुपये 60 पैसे. तो फेब्रुवारीत कापायला बँक आली तेव्हा खात्यात तेवढे नव्हते. इथं आणखी एक नियम आडवा येतो. निव्वळ या दंडापायी बचत खातं शून्याच्या खाली न्यायचं नाही. त्यामुळं 247 रुपये 48 पैसे घेऊन बँक शून्यावर थांबली. उरलेले 71 रुपये 12 पैसे येणे म्हणून टिपून ठेवले आणि खात्याच्या तोंडाशी बसवले.

तुमच्या खात्यालाही असं काही बसवायचं असेल तर एकच काम करा. आधार कार्ड कुठल्या खात्याला शेवटचं जोडलंय हे विसरून जा. मामांनी खातं काढताना बँकेच्या पोरानं दिलेल्या कागदावर सही केली, आधार तिकडं जोडलं गेलं, आणि पीएम किसानचा हप्ता जुन्या सरकारी बँकेत जायचा तो इकडं यायला लागला. फेब्रुवारीअखेर दोन हजार आले आणि 1,928 रुपये 88 पैसे हाती लागले. जानेवारीचा दंड मार्चमध्ये यायचाच होता.

शेतकऱ्यांनीच हा मान घ्यावा असं नाही. चाकण-रांजणगावला कंपनीत लागलेल्या आपल्या पोरांनाही संधी आहे. पगाराचं खातं शून्य शिलकीचं असतं, ते पगार येतो तोवरच. ठेकेदारानं ब्रेक दिला, पोरगं गावी आलं, काही महिने पगार जमा झाला नाही, की ते खातं साध्या बचत खात्यात बदलतं. अट मात्र शाखा जिथली तिथली लागते. पोरगं औशाला बसलंय, पण खातं पुण्याच्या शाखेत, म्हणून शहराची सरासरी ठेवायची. असं खातं तसंच सोडून दिलं तर ग्राहकाच्या बाजूनं दोन वर्षं काहीच व्यवहार न झाल्यावर ते निष्क्रिय ठरतं, आणि निष्क्रिय खात्यावर किमान शिलकीचा दंड लावता येत नाही. तेव्हा वर्षातून एकदा मित्राला दहा रुपये पाठवून खातं जिवंत ठेवा, म्हणजे दंडाचं मीटर चालू राहील.

एक जागा मात्र टाळा, सरकारी बँका. स्टेट बँकेनं मार्च 2020 मध्ये बचत खात्यांवरची ही अटच काढली. 2025 च्या जून-जुलैत कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन बँक आणि बँक ऑफ बडोदा यांनीही साध्या बचत खात्यांचा दंड बंद केला. तिथं गर्दी असते, छपाईचं मशीन बंद असतं आणि तुम्हाला ‘सर’ म्हणणारा पोरगा नसतो. दंडही नाही. जायचं कशाला?

मामांच्या लेकीनं शेवटी घात केला. ती बारावीला आहे. तिनं पासबुक छापून आणलं, MAB, म्हणजे महिन्याची सरासरी शिल्लक, असं लिहिलेल्या नोंदींखाली पेन्सिलीनं रेघा ओढल्या आणि बापाला घेऊन बँकेत गेली. तिनं अर्ज दिला की हे खातं मूलभूत बचत ठेव खात्यात बदलून द्या. हे खातं प्रत्येक बँकेला द्यावंच लागतं. त्यात किमान शिलकीची अट नसते, एटीएम कार्ड फुकट मिळतं, पैसे भरायला मर्यादा नसते, आणि महिन्याला चार वेळा पैसे काढता येतात. त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, एवढंच बंधन.

काउंटरवरचा म्हणाला, “सर, त्यात सुविधा कमी आहेत.”

मामा म्हणाले, “कोणच्या कमी?”

तो थोडा वेळ कॉम्प्युटरकडं बघत बसला.

पोरीनं अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, त्याला ही पोच लागते, हेही तिला कुठून तरी कळलं होतं. शिक्का मिळाला. बाहेर आल्यावर मामांनी पोच नीट घडी घालून खिशात ठेवली आणि फोन काढून बँकेचा नवा मेसेज पुसला.